एकशे बारा दुरुस्त्या

गच्चीच्या गळतीचा तो अहवाल सहा पानांचा होता. आमच्याकडे नव्याने रुजू झालेल्या इंजिनिअर मुलीने स्वतः जाऊन पाहणी केलेला आणि स्वतः लिहिलेला हा पहिलाच. वाचणार होते त्या इमारतीतले रहिवासी, म्हणजे इंजिनिअर नसलेली माणसं. अहवाल वाचून त्यांनी ठरवायचं होतं की नेमकं काय आणि कुठे दुरुस्त करायचं.

मसुदा माझ्याकडे आला तेव्हा संध्याकाळ होत आली होती. मी ट्रॅक चेंजेस चालू केलं आणि पहिल्या ओळीपासून सुरुवात केली. दीड तासाने उठलो तेव्हा सहाही पानं लाल झाली होती. एकूण दुरुस्त्या एकशे बारा. खोटं कशाला सांगू, मला बरं वाटलं होतं. मेहनत घेऊन शिकवतोय असं वाटत होतं. फाइल पाठवली आणि घरी गेलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिचं उत्तर आलं: "धन्यवाद सर. सगळ्या दुरुस्त्या केल्या आहेत." तिने फाइल उघडल्याची वेळ पाहिली, परत पाठवल्याची वेळ पाहिली. मध्ये वीस मिनिटंही नव्हती. एकशे बारा दुरुस्त्या वीस मिनिटांत वाचूनही होत नाहीत. तिने सगळे बदल एकदम स्वीकारायचं बटण दाबलं होतं. तिच्या जागी मीही तेच केलं असतं, पण तेव्हा मला थोडा रागच आला.

रागावून काही बोलण्याआधीच खरा घोळ समोर आला. अहवालाला जोडायचे फोटो मी मागवले होते. एका फोटोत छताला ओल होती, आणि फोटोखाली तिने लिहिलं होतं, "दक्षिण भिंतीलगतची खोली". अहवालात मात्र ठळकपणे होतं की गळती उत्तर कोपऱ्यातून होत असावी. मी तिला बोलावून विचारलं, "ओल दक्षिणेला आहे, मग उत्तर कोपरा कुठून आला?"

ती क्षणभर गप्प राहिली. मग म्हणाली, "सर, ते वाक्य तुम्ही बदललं होतं. मला वाटलं, तुम्हाला माहीत असेल."

तिचं मूळ वाक्य मी शोधून काढलं. ते असं होतं:

"सदर गच्चीची पाहणी करण्यात आली असता उत्तर बाजूकडील भागामध्ये पाणी साचण्याची प्रक्रिया होत असल्याचे निदर्शनास आले असून त्यामुळे गळतीची शक्यता नाकारता येत नाही."

आणि माझी दुरुस्ती अशी:

"गच्चीच्या उत्तर कोपऱ्यात पाणी साचते. गळती तिथूनच होत असावी."

भाषेच्या दृष्टीने माझं वाक्य बरं होतं, यात वाद नाही. पण तिचं वाक्य गुळमुळीत होण्यामागे भाषेचा कच्चेपणा हे एकमेव कारण नव्हतं. पाणी एका कोपऱ्यात साचतंय आणि ओल दुसऱ्याच भिंतीला येतेय, हे तिने पाहिलं होतं. त्याचा मेळ तिला लागत नव्हता. तेवढ्यासाठी तिने "शक्यता नाकारता येत नाही" या सरकारी पांघरुणाखाली तो प्रश्न झाकून ठेवला होता. मी पांघरूण काढलं आणि खाली काय आहे ते न बघता त्या जागी एक खात्रीचं वाक्य ठेवून दिलं. तिची शंका बरोबर होती, माझी खात्री चूक होती, आणि सही मात्र तिची होणार होती.

तो अहवाल मी थांबवला. माझी लाल प्रत बाजूला ठेवली, तिच्याकडून मूळ मसुदा परत मागवला आणि ठरवलं की हाच मसुदा पुन्हा तपासायचा, पण वेगळ्या पद्धतीने.

आधी माझ्या एकशे बारा दुरुस्त्या मोजून वेगळ्या केल्या. शुद्धलेखन आणि विरामचिन्हांच्या एक्केचाळीस. "करण्यात आले", "निदर्शनास आले" अशा कर्ता गायब करणाऱ्या वाक्यांच्या बावीस. आकडे आणि एककांच्या सात. अहवालाच्या रचनेबद्दलच्या फक्त चार, आणि खरं महत्त्व होतं ते या चारांना: निष्कर्ष शेवटच्या पानावर का, असल्या. उरलेल्या अडतीस दुरुस्त्यांना मला नावच देता येईना. "त्यामुळे"चं "म्हणून" केलं होतं. "ओलावा"चं "ओल" केलं होतं. एका ठिकाणी दोन वाक्यांची अदलाबदल केली होती आणि ती का, हे आता मलाच आठवत नव्हतं. म्हणजे एक तृतीयांश लाल शाई निव्वळ माझ्या आवडीची होती. वाचणाऱ्याला हे कसं कळणार? पानावर सगळी लाल शाई सारखीच दिसते. उताराचा आकडा चुकला तरी लाल आणि सरांना "म्हणून" आवडतं तरी लाल.

आणखी एक गोष्ट त्या मोजणीत दिसली. तिने ओलीचे डाग कुठल्या तारखेला कुठवर पसरले होते याचा हाताने काढलेला एक छोटा नकाशा जोडला होता. सबंध अहवालातली ती सगळ्यात उपयोगी गोष्ट होती. त्यावर माझी एकही खूण नव्हती. साहजिकच होतं, कारण दुरुस्ती करायला बसलेला माणूस चुकलेल्या जागीच थांबतो. पण तिच्या बाजूने पाहिलं तर सहा पानांत तिचं काय जमलं याबद्दल तिला एक अक्षरही मिळालं नव्हतं. त्याच आठवड्यात तिने लिहिलेलं दुसरं एक छोटं टिपण मी उघडून पाहिलं. त्यातला अर्धा मजकूर आमच्या जुन्या अहवालातून जसाच्या तसा उचललेला होता. आधी ती निदान आपल्या शब्दांत चुकत होती.

दुसऱ्या खेपेला मी मसुदा आधी कीबोर्डपासून हात लांब ठेवून वाचला. ऐकायला सोपं वाटतं, पण "निदर्शनास" दिसल्यावर बोटं आपोआप सरसावतात. शेवटी कागदावर छापून घेतला आणि पेन खणात टाकलं. वाचून झाल्यावर स्वतःला एकच विचारलं: या मसुद्यात तीन गोष्टी बदलल्या तर रहिवाशांना सगळ्यात जास्त फायदा कशाचा होईल? चौथी सुचली होती, ती दुसऱ्या फेरीसाठी ठेवली.

मग मसुद्याच्या वर एक छोटं पत्र लिहिलं. ते जवळपास असं होतं:

"तारखांसह काढलेला नकाशा पाहिला. पाणी कुठून येतंय हे शोधायला मला तोच उपयोगी पडला, त्यामुळे तो पहिल्या पानावर आण. या फेरीत तीनच गोष्टी बघायच्या आहेत. एक, रहिवाशांना निर्णय घ्यायचाय आणि तो सहाव्या पानावर सापडतोय. दोन, पान २ वरच्या उत्तर कोपऱ्याच्या वाक्याशी मी अडखळलो, तिथे सविस्तर लिहिलंय. तीन, 'करण्यात आले' ही सवय. शुद्धलेखनाला अजून हात लावू नकोस. बराचसा मजकूर हलणार आहे, काही उडणार आहे. जो परिच्छेद जाणारच आहे त्याच्या वेलांट्या सुधारण्यात वेळ घालवायला नको. मागच्या वेळी ते वाक्य मी न विचारता बदललं, ती माझी चूक होती."

शेवटचं वाक्य लिहायला जड गेलं. पण ते नसतं तर बाकीच्या पत्राचा तिने आज्ञा म्हणूनच अर्थ लावला असता, असं मला वाटतं.

मग उत्तर कोपऱ्याचं वाक्य. माझी पहिली टिप्पणी मी एका शब्दात लिहिली होती: "का?" सुदैवाने पाठवण्याआधी थांबलो, कारण अशी टिप्पणी कुठे पोचते हे मला त्या दुसऱ्या टिपणात कळलं होतं. तिथे मी एका परिच्छेदासमोर "हे का?" असं लिहिलं होतं, आणि तिने अख्खा परिच्छेद उडवून टाकला होता. मला खरंच कारण हवं होतं. तोंडी विचारलं असतं तर आवाजावरून कळलं असतं की हा प्रश्न आहे. कागदावर मात्र वरिष्ठाचं "का?" म्हणजे "हे इथे का आहे, काढ" असंच वाचलं जातं. शाळेपासून वहीच्या समासात आलेल्या प्रश्नचिन्हाचा आपण सगळे तोच अर्थ लावत आलोय.

म्हणून टिप्पणी अशी लिहिली:

"हे काढू नकोस, मला याचं उत्तर माहीत नाही. पाणी उत्तर कोपऱ्यात साचतं असं इथे म्हटलंय आणि फोटोत ओल दक्षिणेला दिसतेय. हे वाचून मला वाटलं की तुलाही यात काहीतरी खटकतंय, म्हणून 'नाकारता येत नाही' आलं असावं. तू काय काय पाहिलंस ते आधी साध्या वाक्यांत लिही, अहवालाच्या भाषेत नको. निष्कर्ष निघत नसेल तर निघत नाही असंच लिही, आणि तो काढायला काय करावं लागेल तेही."

यात मी एकही पर्यायी वाक्य दिलं नाही. मोह झाला होता. पण तयार वाक्य दिलं की ते उचललं जातं आणि विचार तिथेच थांबतो, हे नुकतंच पाहिलं होतं.

दोन दिवसांनी त्या जागी हे आलं:

"गच्चीच्या उत्तर कोपऱ्यात पावसानंतर सुमारे दोन सेंटिमीटर पाणी उभं राहतं. पण त्याखालच्या खोलीचं छत कोरडं आहे. ओल दक्षिणेकडच्या कठड्याच्या भिंतीलगत आहे आणि तिथे कठडा व गच्ची यांच्या सांध्यात भेग दिसते. साचलेलं पाणी आणि गळती यांचा संबंध आहे की नाही हे आज सांगता येत नाही. त्यासाठी आधी फक्त उत्तर भागात बांध घालून ४८ तास पाणी साठवून पाहावं. खालचं छत कोरडं राहिलं आणि दक्षिणेची ओलही वाढली नाही, तर मग कठड्याच्या सांध्यावर वेगळं पाणी सोडून तपासावं."

हे वाक्य माझ्या वाक्यापेक्षा चांगलं होतं. मुख्य म्हणजे यातली चाचणी मला सुचलेली नव्हती. दोन संशयित जागा एकेक करून तपासायच्या, म्हणजे गळती कुठल्या पाण्याने होते ते वेगळं कळेल, हा विचार तिच्या डोक्यात आधीपासून होता. पहिल्या मसुद्यात तो "प्रक्रिया होत असल्याचे" खाली गाडला गेला होता आणि मी वरून माती सारखी केली होती.

"करण्यात आले"चं काम वेगळ्या पद्धतीने केलं. काही वर्षांपूर्वी माझ्या वाचनात आलं होतं की रिचर्ड हॅसवेल नावाच्या अमेरिकेतल्या एका प्राध्यापकाने १९८३ साली आपला एक प्रयोग मांडला होता. विद्यार्थ्यांच्या लेखनातल्या शुद्धलेखनासारख्या वरवरच्या चुका तो दुरुस्त करत नसे, ज्या ओळीत चूक असेल तिच्यासमोर समासात नुसती फुली मारत असे. चूक कुठली हे विद्यार्थ्याने शोधायचं. साठ टक्क्यांच्या आसपास चुका विद्यार्थी स्वतःच बरोबर करत, म्हणजे त्या अज्ञानाच्या नव्हत्याच, नजर न टाकण्याच्या होत्या. शुद्धलेखनाला हे लागू पडतं. कर्ता गायब होण्याच्या सवयीला थेट लागू पडेल असं मला वाटलं नाही, कारण ही चूक आहे हेच तिला माहीत नव्हतं. तिला तर वाटत होतं की अहवाल असाच लिहितात.

म्हणून पहिल्या पानावर एकाच ठिकाणी पूर्ण लिहिलं. मूळ वाक्य होतं, "रहिवाशांशी चर्चा करण्यात आली." त्यासमोर: "कोणी केली? तू की ठेकेदाराने? उद्या रहिवाशांपैकी कोणी म्हणालं की माझ्याशी कोणी बोललंच नाही, तर या वाक्यावरून काय उत्तर देणार? 'मी तळमजल्यावरच्या तीन कुटुंबांशी बोलले' असं लिहिलं की वाचणारा लगेच विचारेल, वरच्या मजल्याचं काय? तो प्रश्न त्याला पडायला हवा." इथे मात्र उदाहरण दिलं, कारण कर्ता लिहायची सवय नवी होती आणि एकदा ती डोळ्यांनी पाहायला मिळणं गरजेचं होतं. दुसऱ्या पानावर फक्त ओळीसमोर ठिपके. तिसऱ्या पानाच्या वर एवढंच, "या पानावर अशा पाच जागा आहेत." पुढच्या पानांवर काहीच नाही.

तिसऱ्या पानावरच्या पाचपैकी चार तिने शोधल्या आणि मला न दिसलेल्या आणखी दोन. पाचवीसमोर तिने उलट टिप्पणी लिहिली होती. वाक्य होतं, "गच्चीवर यापूर्वी जलरोधक लेप लावण्यात आला होता." तिचं म्हणणं, "सर, कोणी लावला हे रहिवाशांनाही माहीत नाही, म्हणून तसंच ठेवलं." अगदी बरोबर होतं. कर्ता खरोखरच माहीत नसतो तेव्हा ही वाक्यरचना कामाची असते, हे मी तिला सांगितलंच नव्हतं. नियम तिच्या हातात आला होता याची मला मिळालेली पक्की खूण हीच. ज्याने नियम नुसता पाळायला घेतलाय, त्याने ते वाक्यही मोडून टाकलं असतं.

एक दुरुस्ती मात्र मी थेट केली, कोडं घालत बसलो नाही. गच्चीचा उतार तिने १:१० लिहिला होता, हवा होता १:१००. मीटरमागे एक सेंटिमीटर म्हणायचं होतं आणि दहा सेंटिमीटर झालं होतं. असा आकडा कोणी वाचून काम केलं तर काय होईल, हे बघत बसण्यात अर्थ नाही. आकडा बदलला आणि शेजारी लिहिलं, "हा मी बदललाय. मीटरमागे किती सेंटिमीटर, असं मनात म्हणून बघ, म्हणजे चूक लगेच दिसते." सातही आकड्यांचं असंच केलं.

आवडीच्या अडतीस दुरुस्त्यांपैकी छत्तीस सोडून दिल्या. दोन ठेवल्या आणि त्यांच्यापुढे "माझी आवड, पटलं तर" असं लिहिलं. त्यातली एक तिने घेतली. दुसरी, म्हणजे "ओलावा"ची "ओल", तिने घेतली नाही. अहवाल "ओलावा"सहच गेला आणि मला अजूनही "ओल"च बरोबर वाटते.

वेळेचं सांगायला हवं, कारण या पद्धतीबद्दल बोललं की पहिली हरकत तीच येते, आणि ती खोटी नाही. लाल शाईला दीड तास लागला होता. दुसऱ्या खेपेला वाचन, पत्र आणि टिप्पण्या मिळून सव्वादोन तास गेले, आणि नंतर शुद्धलेखनाच्या फेरीला आणखी वीस-पंचवीस मिनिटं. अहवाल त्याच संध्याकाळी जायचा असता तर मी हे करू शकलो नसतो. तशी वेळ आली की मी आता स्वतःच लिहून टाकतो, पण लिहितो की "वेळ नव्हता म्हणून हे मी बदललं, यातल्या दोन जागांवर उद्या बोलू." आणि दुसऱ्या दिवशी बोलायला विसरलो तर ती दुरुस्ती शिकवण्याच्या हिशोबात धरत नाही.

पुढचा अहवाल तिने तीन आठवड्यांनी दिला. उघडला तर दोन वाक्यांवर तिने स्वतःच पिवळा रंग मारला होता. पहिल्यासमोर लिहिलं होतं: "सर, हे वाक्य धूसर आहे, कारण मलाच अजून कळलेलं नाही. पाइपला गंज आतून आहे की बाहेरून, हे तुकडा कापल्याशिवाय सांगता येणार नाही." दुसऱ्यासमोर: "हे नीट लिहिता येईल, पण कसं ते सुचत नाहीये."

दुसऱ्या वाक्याला मी मदत केली. पहिल्यासाठी आम्ही पाइपचा तुकडा कापून घेतला. निष्कर्ष मात्र पुन्हा शेवटच्याच पानावर होता. मी पत्र लिहायला घेतलं.